शिपाईमामांचा निरोप: स्मृतिचिन्ह देतानाचं तीन मिनिटांचं भाषण कसं तयार करावं

निरोप समारंभात शिपायाबद्दल बोलायला उभं राहिलेलं माणूस साधारण तिसऱ्या वाक्यानंतर अडकतं. प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख ही चार विशेषणं वापरून होतात. मग भाषण एकतर साहेबांच्या कौतुकाकडे वळतं, नाहीतर "आता नातवंडांत रमा" या वाटेला लागतं. सत्कारमूर्ती पुढच्या खुर्चीत अवघडून बसलेली राहते. बोलणाऱ्याला बोलता येत नाही असं नसतं, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. तीस वर्षं ज्याच्या हातचा चहा घेतला त्याचं आडनाव विचारलं तर अर्धं कार्यालय एकमेकांच्या तोंडाकडे बघतं.

मी आस्थापना शाखेत असताना अशी भाषणं लिहून द्यायचं काम बहुतेक वेळा माझ्या टेबलावर यायचं. सुरुवातीची दोन-तीन मीही विशेषणांवरच भागवली. पुढे जी रीत बसली ती इथे क्रमाने देतो. उदाहरण तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयातल्या मामांचं घेतलं आहे. ते 2025 च्या मे अखेरीस निवृत्त झाले.

टप्पा 1: नाव, पद आणि तारखा (15 दिवस आधी)

पहिलं काम म्हणजे सेवापुस्तक बघणं. चार गोष्टी टिपून घ्या: पूर्ण नाव, शेवटचं पद, नेमणुकीची तारीख आणि निवृत्तीची तारीख. या चारही गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत असं सगळ्यांना वाटतं, म्हणूनच त्या चुकतात.

पदाचं बघा. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाला पुढे काही ठिकाणी नाईक, हवालदार, जमादार अशी पदोन्नती मिळते. दहा वर्षांपूर्वी नाईक झालेल्या माणसाच्या स्मृतिचिन्हावर "शिपाई" छापून आलेलं मी पाहिलं आहे. ते त्याने घेतलं, नमस्कार केला आणि काही बोलला नाही. अशी माणसं बोलत नाहीतच.

तारखेची गंमत वेगळी. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गट ड चा कर्मचारी 60 व्या वर्षी निवृत्त होतो आणि निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी धरतात. जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर मात्र आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. आपल्याकडे एका पिढीची शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख गुरुजींनी 1 जून लावलेली, त्यामुळे 31 मे रोजी कार्यालयंच्या कार्यालयं रिकामी होतात. आमच्या मामांची तारीख हीच होती, 1 जून 1965. पण 31 मे 2025 ला शनिवार होता आणि कार्यालयाला पाच दिवसांचा आठवडा. म्हणून समारंभ शुक्रवारी, 30 मे रोजी ठेवला. 2026 चा 31 मे रविवारचा, तेव्हाही हाच घोळ. समारंभ कोणत्याही दिवशी असो, स्मृतिचिन्हावर निवृत्तीची खरी तारीख घाला.

तिसरी अडचण नेमणुकीची. सेवापुस्तकात 12 ऑगस्ट 1991 होतं, पण मामा स्वतः "अठ्ठ्याऐंशीपासून" म्हणत. दोन्ही खरं होतं. 1988 ते 1991 ते रोजंदारीवर होते. कागदावर ती तीन वर्षं दिसत नाहीत, त्यांच्या अंगावर ती आहेत. स्मृतिचिन्हावर कागदावरची तारीख द्यावी आणि भाषणात दोन्ही सांगाव्यात.

*तपासा:* सेवाकाळ बोटांवर मोजू नका. 12 ऑगस्ट 1991 ते 31 मे 2025 म्हणजे 33 वर्षं 9 महिने आणि वर काही दिवस. "चौतीस वर्षांची प्रदीर्घ सेवा" असं छापून आलं तर टोचणारा एखादा हिशेबनीस सभागृहात असतोच.

टप्पा 2: माहिती गोळा करणं (12 ते 8 दिवस आधी)

भाषणाचं खरं काम इथे आहे, आणि नेमका हाच टप्पा सगळे गाळतात. स्वतःची आठवण पुरेल असं समजू नका. तुमच्याकडे त्या माणसाच्या चहाची आणि हाकेला धावून येण्याची आठवण असते, कारण तुम्ही त्याला तेवढंच करताना पाहिलेलं असतं. त्याचं बाकीचं काम तुम्ही यायच्या आधी आणि गेल्यावर होत असतं.

तीन माणसांना भेटा. एक, बारनिशीत किंवा रेकॉर्डला बसणारा जुना लिपिक. दोन, दुसरा शिपाई किंवा सफाई कामगार. सकाळी साडेनऊच्या आधीचं कार्यालय त्यालाच माहीत असतं. तीन, निवृत्त झालेला एखादा जुना सहकारी, शक्यतो मामा नवे असतानाचा. फोनवर भागवू नका, चहाला बसा.

"मामा कसे आहेत?" असं विचारलंत तर "फार चांगला माणूस" एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी हे विचारा: ते पंधरा दिवस रजेवर होते तेव्हा काय अडलं होतं? कुणाला माहीत नसलेली कोणती गोष्ट ते करतात? त्यांना कधी रागावलेलं पाहिलंत का, आणि कशावरून? पहिल्या प्रश्नाला उत्तर हमखास मिळतं. आमच्याकडे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तेव्हा दोन दिवस टपालावर आवक क्रमांकच पडले नव्हते. शिक्का कुठल्या खणात असतो हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

हाती आलेल्या गोष्टींतून दोनच निवडा. एक कार्यालयाच्या आतल्या कामाची, दुसरी बाहेरून येणाऱ्या लोकांशी वागण्याची. दोन्हींत जागा, वेळ आणि एखादी वस्तू दिसली पाहिजे. "कधीही कामाला नाही म्हणाले नाहीत" याने डोळ्यांपुढे काही येत नाही, म्हणून ती गोष्ट होत नाही.

मग निवडलेलं स्वतः मामांना सांगून खात्री करून घ्या. भाषण ऐकवू नका, फक्त "ते गठ्ठ्यांचं असं झालं होतं ना?" एवढं विचारा. इथे बऱ्याचदा खरी गोष्ट हाती लागते. आम्हाला ती इथेच मिळाली, पुढे नमुन्यात येईल.

*सावध:* साहेबांची मुलं शाळेत सोडली, वहिनींची भाजी आणली, घरच्या लग्नात राबले असल्या आठवणी कौतुक म्हणून सांगू नका. ते त्यांचं काम नव्हतं. त्यांच्या मुलासमोर हे सांगणं म्हणजे बापाला पुन्हा एकदा पिशवी घेऊन पाठवण्यासारखं आहे.

टप्पा 3: स्मृतिचिन्हाचा मजकूर (10 दिवस आधी)

मजकूर कमी ठेवा. पूर्ण नाव, पद, कार्यालय, सेवेचा कालावधी, "सेवापूर्तीनिमित्त सस्नेह" आणि खाली "सर्व अधिकारी व कर्मचारी". बस. कवितेच्या ओळी कोरू नका, साहेबांचं नाव मोठ्या टाइपात नको. दुकानदाराला मजकूर फोनवर सांगू नका. टाइप करून पाठवा, आणि छापण्याआधी त्याने पाठवलेला नमुना घरच्या माणसाकडून वाचून घ्या. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ घरचेच पकडतात. मे अखेरीस या दुकानांत रांग असते, तेव्हा दहा दिवस हातात ठेवा.

आकाराचाही विचार करा. दोन फुटी काचेची चौकट घेऊन मामांना एस.टी.ने जायचं असेल तर ती घरी धड पोहोचणार नाही. आणि भिंतीवरचं घड्याळ शक्यतो टाळा. ते दिलं की कुणीतरी "आता वेळच वेळ" हा विनोद करतोच.

टप्पा 4: भाषण लिहिणं (5 दिवस आधी)

तीन मिनिटांचं भाषण म्हणजे माझ्या हिशेबाने कागदावरचे अडीचशे ते तीनशे शब्द. माइकवर माणूस सावकाश बोलतो, मध्ये टाळ्या पडतात. यापेक्षा जास्त लिहिलंत तर शेवट घाईत उरकाल, आणि शेवटच महत्त्वाचा आहे, कारण तिथे वस्तू हातात द्यायची असते.

क्रम असा ठेवा. एका वाक्यात संबोधन. लगेच पहिली गोष्ट, "आज आपण इथे कशासाठी जमलो आहोत" न सांगता. मग दुसरी गोष्ट. मग घरच्यांबद्दल दोन वाक्यं. मग श्रोत्यांकडून मामांकडे वळायचं आणि थेट त्यांच्याशी बोलायचं. शेवटी पूर्ण नाव घेऊन स्मृतिचिन्ह स्वीकारण्याची विनंती. विनंतीनंतर एकही वाक्य नको. लोक उठलेले असतात, फोटोवाला पुढे आलेला असतो. त्या गोंधळात "आणि जाता जाता एवढंच सांगतो" म्हणणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

संबोधन रोजचंच ठेवा. सगळं कार्यालय "मामा, तुम्ही" म्हणत असेल तर मंचावर "आपण" करू नका, नोटीस वाचल्यासारखं वाटतं. उलट जे रोज "अरे" म्हणतात त्यांनी त्या दिवशी तरी "तुम्ही" म्हणावं. हे आधी सांगून ठेवावं लागतं.

आम्ही वाचलेलं भाषण हे असं:

> व्यासपीठावरील मान्यवर, मामांच्या घरची मंडळी आणि सहकारी मित्रहो,
>
> आपल्या रेकॉर्ड रूमला दोन किल्ल्या आहेत. एक कुलपाची, ती कपाटात असते. दुसरी आज निवृत्त होते आहे.
>
> काही वर्षांपूर्वी जमिनीच्या एका प्रकरणातली जुनी संचिका सापडत नव्हती. आम्ही तिघं दोन दिवस शोधत होतो. तिसऱ्या दिवशी मामा टपाल वाटून आले आणि म्हणाले, "गळती लागली तेव्हा खालच्या फळीवरचे गठ्ठे मी वर टाकलेत, त्यात बघा." पंधरा मिनिटांत संचिका मिळाली. ते गठ्ठे वर कधी टाकले, हे तेव्हा आम्ही कुणी विचारलं नाही. मी परवा विचारलं. तो रविवार होता. पाऊस बघून मामा घरून आठ किलोमीटर सायकल मारत आले होते.
>
> बाजाराच्या दिवशी आपल्याकडे निराधार योजनेच्या चौकशीला आजीबाई येतात. त्यांना आपण सगळेच "उद्या या" म्हणतो. मामा म्हणायचे, "साहेब दौऱ्यावर आहेत, गुरुवारी भेटतील. तुमची गाडी अकराची ना? मग दहाला या, मी असतो." त्या आजी गुरुवारी दहाला यायच्या आणि मामा असायचे.
>
> निवडणुका आल्या की मामांचा मुक्काम इथेच असायचा. त्या रात्री घर मामींनी सांभाळलं. मामी, त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटात नाही, म्हणून आज इथे करतो.
>
> मामा, तुम्ही अठ्ठ्याऐंशीला रोजंदारीवर आलात. 12 ऑगस्ट 1991 ला नेमणुकीचा कागद मिळाला. उद्या 31 मे. आजवर या सभागृहात प्रत्येकाच्या सत्काराचं तबक तुम्ही धरलंत. आज ते आम्ही धरलं आहे. या चिन्हावर तुमचं पूर्ण नाव आहे, ते मी मोठ्याने वाचतो.
>
> श्री. (पूर्ण नाव), सर्व अधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने हे स्वीकारावं, ही विनंती.

साधारण दोनशे शब्द झाले. मामींच्या वाक्यानंतर टाळ्या पडल्या, मध्ये थांबावं लागलं, आणि सगळं मिळून अडीच मिनिटं लागली. यात प्रामाणिक हा शब्द नाही, तरी कुणाला तो राहून गेल्यासारखं वाटलं नाही.

टप्पा 5: कात्री (4 दिवस आधी)

लिहिलेलं परत वाचा आणि काही गोष्टी निर्दयपणे काढा. "शिपाई असूनही" आणि "पद लहान पण मन मोठं" ही वाक्यं पहिल्यांदा जाऊ द्या. बोलणाऱ्याला ती गौरवाची वाटतात, ऐकणाऱ्याला "पण" च्या आधीचा भाग ऐकू जातो. निवृत्तिवेतन, उपदान, गटविम्याची रक्कम, मुलीचं लग्न राहिलंय, कर्ज फिटायचंय, यातलं काही नको. तंबाखू, उशीर, एखादी जुनी फजिती यांवरचे विनोद टेबलावर चालतात, बायको-सुनेसमोर माइकवर चालत नाहीत.

"कधीही या, कार्यालय तुमचंच आहे" हेही काढा. पुढच्या महिन्यात निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी ते खरंच येतील आणि तुम्हीच बाकावर बसवून "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणाल.

*तपासा:* गोष्टीतून दुसऱ्या कुणाचा हलगर्जीपणा उघडा पडतो का? आमच्या पहिल्या मसुद्यात "गळतीची तक्रार दोन वर्षं पडून होती" असं वाक्य होतं. खरं होतं, पण ती तक्रार ज्यांच्या टेबलावर पडून होती ते मंचावरच बसणार होते. टाळ्या मामांना मिळायच्या, लोक बघत राहिले असते त्यांच्याकडे. काढलं.

टप्पा 6: मंचावरचा क्रम (आदल्या दिवशी)

इथली अडचण फक्त शिपायाच्या निरोपाला येते. एरवी समारंभाच्या खुर्च्या लावणं, समईत तेल घालणं, हार सोडवणं, तबक घेऊन साहेबांच्या डाव्या बाजूला उभं राहणं, नारळ पुढे करणं आणि मागे चहा तयार ठेवणं हे सगळं एकच माणूस करतो. आज तोच सत्कारमूर्ती. त्यामुळे ही कामं कुणाचीच नसतात आणि ऐनवेळी तोच उठतो. स्वतःच्या निरोपाला खुर्च्या उचलणारे मामा मी दोनदा पाहिले आहेत. ते सवयीने उठतात, त्यांना दोष नाही.

म्हणून कामं नावानिशी वाटून द्या, "बघू रे सगळे मिळून" नको. खुर्च्या दोघांनी. तबक एकाने, त्याला सांगा की शाल वरच्या बाजूला, घडी अर्धी उलगडलेली, नारळ शेंडी वर करून, आणि स्मृतिचिन्ह खोक्यातून आधीच काढलेलं. चहा बाहेरून मागवा. मामांना समारंभाच्या अर्धा तास आधी कुणीतरी गप्पांना घेऊन बसावं आणि उठू देऊ नये.

आधी शाल आणि श्रीफळ, मग मामींची साडी-ओटी, मग तुमचं भाषण, मग स्मृतिचिन्ह, मग मामांचं मनोगत, असा क्रम ठेवा. भाषण आणि स्मृतिचिन्ह यांच्यामध्ये दुसरं काही घुसू देऊ नका. सूत्रसंचालक तिथे हमखास चारोळी म्हणतो, त्याला आधीच सांगा. स्मृतिचिन्ह देताना अक्षरं मामांच्या नव्हे, लोकांच्या बाजूला हवीत, नाहीतर फोटोत मागची फळी येते. मामींना आणि मुलांना त्याच वेळी वर बोलवा.

मनोगताचं आधी विचारून ठेवा. आयुष्यभर मोजकं बोललेल्या माणसाच्या हातात अचानक माइक दिला की तो रडतो किंवा गप्प होतो, आणि लोक "बोला बोला" करतात. आमच्या मामांनी "दोनच शब्द बोलतो" सांगितलं होतं, ते दोनच बोलले आणि बसले. तेवढं पुरे.

*तपासा:* भाषण एकदा उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाचा. पूर्ण नाव पाच वेळा म्हणून बघा. पाठ करायची गरज नाही, कागद हातात असला तरी चालतो. फक्त "मामा, तुम्ही" पासून पुढचं कागदाकडे न बघता, त्यांच्याकडे बघून म्हणता आलं पाहिजे.

टप्पा 7: समारंभानंतर

भाषणाचा कागद स्वच्छ लिहून, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन स्मृतिचिन्हाच्या खोक्यात ठेवा. ऐकताना मामा निम्मं ऐकत नाहीत, घाबरलेले असतात. घरी नात वाचून दाखवते.

किल्ल्या आणि शिक्के आदल्या दिवशीच ताब्यात घ्या, यादी करून, सहीनिशी. मंचावर किल्ल्यांचा जुडगा परत देण्याचा कार्यक्रम करू नका. कोणती किल्ली कशाची, हे नव्या माणसाने एकदा फिरून बघितलेलं असावं.

घरी सोडायची गाडी ठरवून ठेवा, आणि सभागृह कोण बंद करणार तेही. एका निरोपाला आम्ही सगळे गाडीभोवती फोटो काढत होतो, मामा-मामी आत बसले होते, आणि आभाळ भरून आलं. मामांनी वर पाहिलं. सभागृहाच्या पश्चिमेकडच्या तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. कुणी काही म्हणायच्या आत ते अंगावरच्या शालीसकट उतरले, वर जाऊन खिडक्या लावल्या, पंखे बंद केले आणि परत येऊन गाडीत बसले.